घुसखोरीनंतर सगळ्या कंपनीचे पासवर्ड बदलायला लावणारी सूचना: मसुदा कसा असावा?

शब्दाली

नमस्कार मंडळी. मी नाशिकजवळच्या एका यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. परिपत्रकं आणि सूचना लिहिणं माझ्याकडे असतं.

काही महिन्यांपूर्वी आमच्या संगणक यंत्रणेत घुसखोरी झाली. एका ठेकेदाराच्या व्हीपीएन खात्यातून कोणीतरी आत शिरलं, डोमेन सर्व्हरपर्यंत पोहोचलं आणि सगळ्यांची खाती ज्यात असतात त्या फाइलची प्रत घेऊन गेलं. तपासात हे पक्कं झालं. सरकारी यंत्रणेला कळवून झालं, सफाई झाली, प्रकरण मिटलं, म्हणूनच आता इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या वेळी आयटी विभागाने शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना हा मेल पाठवला होता:

> तातडीचे: पासवर्ड रीसेट अनिवार्य
> सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, काही तांत्रिक कारणास्तव तसेच काही कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे सुरक्षा धोरणांतर्गत सर्व वापरकर्त्यांनी खालील लिंकवर क्लिक करून २४ तासांच्या आत आपला पासवर्ड रीसेट करावा. अन्यथा आपले खाते कायमचे बंद करण्यात येईल.

बऱ्याच लोकांनी हा मेल फसवणुकीचा समजून उडवला. त्यात त्यांचं काय चुकलं? घाई, धमकी आणि लिंक एकत्र दिसली की क्लिक करू नका, असं आदल्याच महिन्यात प्रशिक्षणात शिकवलं होतं. सोमवारी सकाळी सातच्या पाळीला अर्ध्या लोकांचं लॉगिन होईना आणि डिस्पॅच दुपारपर्यंत अडून बसलं.

आता व्यवस्थापनाने सांगितलं आहे की पुन्हा वेळ आली तर मसुदा तयार हवा. साध्या मराठीत, शॉपफ्लोअरच्या सुपरवायझरपासून लेखा विभागापर्यंत सगळ्यांना एका वाचनात कळेल असा. तुम्ही काय लिहाल, काय गाळाल?

---

निनाद_प

माझ्या मते सूचना चार ओळींच्या वर जाऊच नये. घुसखोरी झाली हे लिहायची गरज नाही, उगाच घबराट पसरते आणि बाहेर बातमी जाते. फार तर एवढंच लिहा की पासवर्ड सांकेतिक रूपात साठवलेले असतात, त्यामुळे काळजीचं कारण नाही, खबरदारी म्हणून बदला. आणि लिंक हवीच, नाहीतर लोक कुठे जाऊन बदलणार? लिंक ठळक अक्षरात सगळ्यात वर द्या.

शिवाय एकदा हे झालंच आहे तर दर ३० दिवसांनी बदलायचा नियमही लगेच लावून टाका.

---

जुना_सर्व्हरवाला

निनाद, सूचना आखूड असावी याला माझं अनुमोदन. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र सांगावं लागेल. अशा प्रसंगांनंतरची सफाई हेच माझं बरीच वर्षं काम आहे.

आधी ‘सांकेतिक रूपात आहेत, काळजी नको’ हे वाक्य. फाइलमध्ये पासवर्ड जसाच्या तसा नसतो, त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला त्याचा ठसा असतो, इथपर्यंत बरोबर. पण विंडोज डोमेनमधला हा हॅश फार जुन्या पद्धतीचा आहे आणि त्यात सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळलेली वेगळी भर, नसतं. चांगल्या ग्राफिक्स कार्डावर त्याच्याविरुद्ध सेकंदाला अब्जावधी अंदाज ताडून बघता येतात. Nashik@2024 किंवा Ganpati@123 असले पासवर्ड त्यात टिकत नाहीत. शिवाय काही ठिकाणी मूळ पासवर्ड शोधायचीही गरज पडत नाही, नुसता हॅश दाखवून आत जाता येतं. तेव्हा सूचनेत असं आश्वासन दिलंत तर लोक सोमवारचं काम बुधवारवर ढकलतील, आणि ते तुमच्याच वाक्यामुळे.

आता लिंक. २०१७ साली अमेरिकेतल्या एक्विफॅक्समधून कोट्यवधी लोकांची माहिती चोरीला गेली. लोकांसाठी कंपनीने equifaxsecurity2017.com असं वेगळं पान उघडलं. पुढे कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून काही लोकांना securityequifax2017.com या पत्त्यावर पाठवलं गेलं. ते पान एका माणसाने धोका दाखवून देण्यासाठी मुद्दाम बनवलेलं होतं. म्हणजे सूचना देणाऱ्यांनाही खरा आणि खोटा पत्ता वेगळा ओळखू आला नाही. मग रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसाकडून ती अपेक्षा कशी करायची? सूचनेत लिंक नको, आणि ‘या सूचनेत लिंक नाही, लिंक असलेली सूचना आली तर ती आमची नाही’ हे त्यातच लिहा. एवढ्या एका वाक्याने नकली सूचना ओळखू येते.

दर ३० दिवसांचा नियम तर नकोच. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकसंस्थेचंही म्हणणं आहे की ठरावीक मुदतीने बदल लादू नये, पण पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर बदल सक्तीचा करावा. मुदत लावली की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, आणि जुना पासवर्ड ज्याच्या हातात आहे तो सगळ्यात आधी तेच करून बघतो.

---

सुलभा_देव

बरं झालं हा विषय निघाला. आमच्या सोसायटीचं जीमेल खातं गेल्या आठवड्यात कोणीतरी ताब्यात घेतलं, आता मेंटेनन्सची बिलं कोणत्या तरी भलत्याच खात्याचा नंबर घालून जातायत! सभासदांना सूचना कशी लिहू? हाच मसुदा चालेल का?

---

रातपाळी

सुलभाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे, त्यात पैसे जातायत. कोणी चुकीच्या खात्यात पैसे भरले असतील तर त्यांनी आत्ताच १९३० वर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. सभासदांना मेलने कळवू नका, ते खातंच चोराकडे आहे. जिन्यात कागद लावा आणि घरोघरी सांगा. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहितो.

शब्दाली, मी हेल्पडेस्कवर बसतो, म्हणून फोनच्या बाजूने बोलतो. तुमच्याकडे किती लोक आहेत आणि हेल्पडेस्कवर किती?

---

शब्दाली

खाती साधारण ६४०. हेल्पडेस्कवर तिघं.

---

रातपाळी

मग हिशेब मांडून बघा. एका माणसाची ओळख पटवून, तात्पुरता पासवर्ड देऊन, त्याचं लॉगिन झालेलं ऐकून फोन ठेवायला दहा मिनिटं धरा. तिघं मिळून तासाला अठरा फोन होतात. चौथा हिस्सा लोकांनी फोन केला तरी १६० फोन, म्हणजे जवळजवळ नऊ तास. पहिल्या पाळीचा माणूस पाळी सुटेपर्यंत रांगेतच. त्यामुळे ‘अडचण आल्यास हेल्पडेस्कशी संपर्क साधावा’ या वाक्याच्या भरवशावर सूचना लिहू नका. लोक नेमके कशासाठी फोन करतात ते सूचनेतच सांगून टाका.

असे दिवस मी पाहिलेत. सगळ्यात जास्त फोन मोबाइलचे असतात. संगणकावर पासवर्ड बदलला, पण फोनमधल्या मेलमध्ये आणि कंपनीच्या वाय-फायमध्ये जुनाच राहिला. मेल येईनासा होतो, फोन जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, काही ठिकाणी खातं लॉक होतं. माणसाला वाटतं नवा पासवर्डच चालत नाही, मग तो परत बदलायला येतो. ‘संगणकावर बदलल्यावर लगेच फोनमधला मेल आणि वाय-फाय दोन्हीकडे नवा टाका’ असं स्पष्ट लिहा.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या गोंधळात चोरही फोन करतो. ‘मी विक्री विभागातला अमुक, गावी आलोय, लॉगिन होत नाही, पटकन रीसेट करा.’ २०२३ मध्ये लास वेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्सवर हल्ला झाला तेव्हा कर्मचारी असल्याचं भासवून हेल्पडेस्कला केलेल्या फोनची गोष्ट सगळीकडे छापून आली होती. म्हणून फोनवर पासवर्ड मिळणार नाही, हे सूचनेत आधीच लिहिलेलं असू द्या. मग साहेब रागावले तरी हेल्पडेस्कच्या पोराला त्या कागदाकडे बोट दाखवता येतं.

---

वर्कशॉप_भाऊ

मी सुपरवायझर आहे, दुसऱ्या कंपनीत. ‘काही कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे’ हे वाचून राग आला. शिरकाव ठेकेदाराच्या खात्यातून झाला आणि दोष आमच्या लोकांवर? आणि समजा एखाद्याने खरंच चुकीच्या लिंकवर पासवर्ड टाकला असेल, तर हे वाक्य वाचून तो पुढे येऊन सांगेल का? तोंडावर बोट ठेवून बसेल.

---

जुना_सर्व्हरवाला

भाऊंशी शंभर टक्के सहमत. एखाद्याने ‘मी परवा एका पानावर पासवर्ड टाकला होता’ असं सांगितलं की चोर आणखी कोणत्या वाटेने आला ते तपासात कळतं. ती माहिती दुसरीकडून मिळत नाही. म्हणून दोषाचं वाक्य काढा आणि त्या जागी ‘तुम्हाला काही संशयास्पद आठवत असेल तर सांगा, त्यासाठी कारवाई होणार नाही’ हे घाला. मात्र ते वचन आधी व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. तुमच्या सहीने निघालेलं वचन दुसऱ्या कोणी मोडलं तर पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही.

आता मूळ सूचनेतली सर्वांत धोक्याची गोष्ट, ज्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. त्या लिंकवरच्या पानावर पासवर्ड बदलायला काय विचारत होते?

---

शब्दाली

जुना पासवर्ड, आणि मग नवा दोनदा.

---

जुना_सर्व्हरवाला

तेच. जुना पासवर्ड चोराकडे असू शकतो हे कळल्यावर, जुन्याच पासवर्डच्या जोरावर नवा बसवू दिला. जो आधी पोहोचेल त्याचं खातं. ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलणे सक्तीचे’ ही खूण नुसती लावून दिली तरी तेच होतं.

बरोबर रीत अशी. ठरल्या वेळी आयटीने सगळ्या खात्यांना वेगवेगळा, कोणालाही अंदाज करता येणार नाही असा तात्पुरता पासवर्ड लावायचा. त्या क्षणी जुना मेला. तात्पुरता पासवर्ड माणसाला ओळखपत्र बघून हातात द्यायचा, आणि त्याने लॉगिन केलं की लगेच स्वतःचा नवा करायला लावायचं. ६४० बंद पाकिटं, पाळीनुसार लावलेली, टाइम ऑफिसच्या टेबलावर. हे काम हेल्पडेस्कने करायची गरज नाही, टाइम ऑफिसचे लोक सगळ्यांना चेहऱ्याने ओळखतात.

आणि हे सगळं सफाईनंतर. चोराची वाट बंद झाली, ठेकेदारांची व्हीपीएन खाती बंद झाली, अ‍ॅडमिनचे आणि सर्व्हिस खात्यांचे पासवर्ड बदलले, की मग कर्मचाऱ्यांची पाळी. डोमेनमध्ये krbtgt नावाचं एक अंतर्गत खातं असतं. लॉगिनची तिकिटं त्याच्या किल्लीने बनतात. त्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आधीचाही जपून ठेवलेला असतो. दोन्हींच्या मध्ये तिकिटाच्या मुदतीपेक्षा, म्हणजे सहसा दहा तासांपेक्षा, जास्त वेळ जाऊ द्यायचा. हे राहिलं तर चोर खोटं तिकीट बनवून कोणाच्याही नावाने फिरू शकतो, मग ६४० लोकांनी नवे पासवर्ड ठेवून काही उपयोग नाही.

---

शब्दाली

म्हणजे सूचना आधी द्यायची की नाही? लोकांना तयारीला वेळ हवा. पण चोर मेल वाचत असेल तर त्यालाही वेळ मिळतो.

---

निनाद_प

हॅशचं माहीत नव्हतं, मानलं. पण हाच माझा मुद्दा आहे. आधी सांगायचं नाही, गुपचूप बंद करायचे आणि सोमवारी दारात सांगायचं.

---

जुना_सर्व्हरवाला

यावर माझ्या क्षेत्रातही एकमत नाही. अजून आत असलेल्या चोराला मुदत कळली तर तो त्याआधी नासधूस करू शकतो, म्हणून काही जण अजिबात आगाऊ सांगत नाहीत. माझं मत असं की सफाई झाली असेल तर दोन दिवस आधी सांगायला हरकत नाही, पण मेलने नाही. विभागप्रमुखांनी पाळीच्या सुरुवातीला तोंडी सांगावं आणि गेटवर व कँटीनमध्ये कागद लावावा. मेल पाठवायचा तर नंतर, आणि त्यात ‘गेटवर लावलेलीच ही सूचना आहे, ताडून बघा’ असं लिहून.

---

फिरस्ता

आम्ही विक्रीवाले महिना महिना ऑफिसला येत नाही. पाकीट घ्यायला नांदेडहून नाशिकला यायचं का? मागे आमच्याकडे असा प्रकार झाला तेव्हा माझा लॅपटॉप जुन्याच पासवर्डने मस्त उघडत होता. मला वाटलं मी त्यात नाहीच. दोन दिवसांनी कळलं की मेल आणि ऑर्डरचं पोर्टल दोन्ही बंद आहेत.

---

रातपाळी

फिरस्ता, लॅपटॉप कंपनीच्या नेटवर्कला जोडलेला नसेल तर तो शेवटचा आठवणीत असलेला पासवर्डच ताडून बघतो. सर्व्हरवर बदललाय हे त्याला कळतच नाही. आणि व्हीपीएन लावायला जावं तर जुना पासवर्ड चालत नाही, आणि बऱ्याच व्हीपीएनना तात्पुरत्या पासवर्डवरून नवा करून घेता येत नाही. असा तिढा पडतो. म्हणून फिरतीवरच्या लोकांना वेगळी सूचना हवी. जवळच्या शाखेत या, किंवा विभागप्रमुख व्हिडिओ कॉलवर चेहरा बघून खात्री करतील, आयटी नवा पासवर्ड करून घेऊन व्हीपीएन जोडून देईल. जोडणी झाल्यावर एकदा स्क्रीन लॉक करून नव्या पासवर्डने उघडायचा, म्हणजे लॅपटॉपलाही तो कळतो.

---

शब्दाली

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून नवा मसुदा केला. कारखाना आणि कार्यालयासाठीचा हा. फिरतीवरच्यांसाठी वेगळा करते आहे.

> सोमवारी तुमचा कंपनीचा पासवर्ड बदलावा लागेल
>
> बाहेरच्या कोणीतरी आपल्या कंपनीच्या संगणक यंत्रणेत शिरकाव केला होता. तपासात हे नक्की झालं आहे. ती वाट आता बंद केली आहे. पण आपल्या सगळ्यांच्या पासवर्डची माहिती त्यांच्या हाती लागली आहे, आणि त्यावरून तुमचा पासवर्ड शोधून काढता येऊ शकतो.
>
> म्हणून रविवारी संध्याकाळी ६ वाजता सगळ्यांचे जुने पासवर्ड बंद होतील. साहेबांपासून शिकाऊ कामगारांपर्यंत सगळ्यांचे.
>
> सोमवारी आपल्या पाळीला वीस मिनिटं आधी या. ओळखपत्र दाखवून टाइम ऑफिसमधून तुमच्या नावाचं बंद पाकीट घ्या. त्यातल्या पासवर्डने कंपनीच्या संगणकावर लॉगिन करा. संगणक लगेच नवा पासवर्ड मागेल. तो किमान १५ अक्षरांचा ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले तर लक्षात ठेवायला सोपं जातं. जुन्या पासवर्डात आकडा बदलून ठेवू नका.
>
> मग फोनमधल्या कंपनीच्या मेलमध्ये आणि वाय-फायमध्येही नवा पासवर्ड टाका. तिथे जुना राहिला तर खातं लॉक होईल.
>
> कंपनीचा जुना पासवर्ड तुम्ही बँक, स्वतःचा मेल किंवा आणखी कुठे वापरत असाल तर तिथला आजच बदला. तो आम्हाला बदलता येत नाही.
>
> या सूचनेत लिंक नाही. लिंक असलेली सूचना आली तर ती आमची नाही. तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी कंपनीतलं कोणीही विचारणार नाही. फोनवर कोणालाही नवा पासवर्ड मिळणार नाही.
>
> गेल्या काही आठवड्यांत एखाद्या अनोळखी पानावर पासवर्ड टाकल्याचं किंवा विचित्र फोन आल्याचं आठवत असेल तर आम्हाला येऊन सांगा. त्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही.
>
> वीस मिनिटांचा जादा वेळ हजेरीत धरला जाईल.

---

वर्कशॉप_भाऊ

शेवटची ओळ वाचून बरं वाटलं. ती वर घ्या, वीस मिनिटं आधी यायला सांगितलंय तिथेच. वाचणारा तिथेच तो प्रश्न विचारतो.

---

रातपाळी

छान. नव्या पासवर्डचा नमुना दिला नाहीत हे उत्तम केलंत. दिला असता तर पन्नास जणांनी तोच ठेवला असता.

---

जुना_सर्व्हरवाला

माझी एकच दुरुस्ती. ‘ती वाट आता बंद केली आहे’ हे वाक्य तयार मसुद्यात चौकटीत ठेवा आणि तपास करणाऱ्यांनी लेखी सांगितल्याशिवाय छापू नका. बंद झालेली नसेल तर सूचना निघायचीच नाही.

---

निनाद_प

पगाराची, आधार-पॅनची माहिती गेली का, हे सगळेच विचारणार. त्याबद्दल एक शब्द नाही.

---

शब्दाली

भाऊ, सर्व्हरवाले, दोन्ही बदल करते. निनाद, ते मुद्दाम वेगळं ठेवलं आहे. मागच्या वेळी सूचना निघाली त्या दिवशी ते कळलेलंच नव्हतं. ‘माहिती गेलेली नाही’ असं लिहायला आयटीची तयारी होती, मी नको म्हटलं होतं. आता ‘आणखी कोणती माहिती गेली याचा तपास चालू आहे, पुढची माहिती शुक्रवारी याच जागी लावू’ अशी ओळ घालू का, यावर विधी सल्लागारांचं आणि माझं जुळत नाहीये. त्यांना तारीख द्यायची नाही, मला हवी आहे.

एक प्रश्न अजून उरतोच. लाइनवरच्या संगणकांना पाळीतले सगळे मिळून एकच खातं वापरतात, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. त्याचं पाकीट कोणाच्या हातात द्यायचं?

---

जुना_सर्व्हरवाला

खरं तर कोणाच्याच नाही. प्रत्येकाला ओळखपत्र टेकवून लॉगिन करता यायला हवं, पण ते एका सोमवारात होत नाही. तोवर त्या खात्यावरून मेल, शेअर फोल्डर, बाहेरचं इंटरनेट काढून घ्या, फक्त त्या लाइनचं काम चालेल एवढंच ठेवा. पाकीट पाळीच्या सुपरवायझरकडे, सही घेऊन.

---

वर्कशॉप_भाऊ

सही घेऊन म्हणजे काही झालं की परत जबाबदार सुपरवायझरच ना? तीन पाळ्यांचे तीन सुपरवायझर, एकच पासवर्ड. मी तरी अशी सही करणार नाही. पाळीगणिक वेगळं खातं तरी द्या.